दरपत्रकातला चौथा रकाना

धम्मपालचा फोटो स्टुडिओ बजाजनगरात, माझ्या डीटीपीच्या दुकानाला भिंत लागून. पाटीवर नाव राजकुमार फोटो. राजकुमार म्हणजे त्याचे वडील, त्यांनीच दुकान टाकलेलं. गिऱ्हाईक धम्मपाललाच राजकुमारभाऊ म्हणायचं, आणि तो कधी कुणाला सुधरवायचा नाय. मला वाटायचं, भोळाय बिचारा. भोळी मी होते, हे कळायला लई वेळ गेला.

त्याचं जुनं दरपत्रक पाहून माझं डोकंच फिरायचं. अकरा पॅकेज! सिल्व्हर, गोल्ड, गोल्ड प्लस, डायमंड, रॉयल. गोल्डमध्ये ड्रोन, डायमंडमध्ये नाय. एकात अल्बम तीस शीटचा, दुसऱ्यात साठ पानांचा, आणि एका शीटची दोन पानं होतात हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? लोक साठवालं मागायचे, मग घरी जाऊन भांडायला परत यायचे. धम्मपाल अर्धा अर्धा तास समजावत बसायचा. शेवटी ते म्हणायचे, "बरं, कळवतो." आणि कळवत काय नव्हते.

त्या वर्षी समोर दोन नवे स्टुडिओ निघाले होते. दिवाळीच्या आत पंधरा तारखा लागल्या नाय तर शटर खाली ओढायचं, असं त्यानं बायकोला, मेघाला, सांगून टाकलं होतं. मेघानं मला सांगितलं. मी त्याच दिवशी त्याला खुर्चीत बसवला.

"अकरा पॅकेज कुणाच्या बापाला कळणार आहेत रे? तीन कर."

मला रागात काम चांगलं सुचतं. सोनं, हिरा सगळं उडवलं. आडव्या ओळीत गिऱ्हाईक जे विचारतं तेच टाकलं: किती तास, किती माणसं, अल्बमची पानं किती, हातात काय मिळणार, कधी मिळणार. उभ्या रकान्यांत पॅकेज. अर्धा दिवस एक माणूस, पूर्ण दिवस दोन, हळद धरून दोन दिवस तीन माणसं. ड्रोन खाली वेगळा, कुठल्याच पॅकेजात घुसवायचा नाय. जादा तासाचा दर ठळक. अल्बम पंचेचाळीस दिवसांत, पण फोटो निवडून दिल्यापासून, हेही लिहिलं, कारण लोक फोटो निवडायला सहा महिने लावतात आणि बोंब फोटोवाल्याच्या नावानं. मोबाईलवर झूम न करता वाचता यावं म्हणून अक्षर मोठं घेतलं. धम्मपाल बघतच राहिला. "ताई, हे तर माझ्या आईलाबी कळंल!"

मग तो म्हणाला, आमच्या समाजाची लग्नं कमी वेळाची असतात. वंदना, सुत्तपठण, प्रतिज्ञा, हार, मग जेवणं आणि पाहुण्यांचे फोटो. पाच तासांत एक फोटोवाला, एक व्हिडिओवाला पुरतो. त्याला तो दर कमी लावायचा.

"मग चौथा रकाना कर," मी म्हणाले. "वर लिही, बौद्ध विवाह."

तो म्हणाला, "नुसतं पाच तासांचं पॅकेज म्हणू ना ताई. नाव कशाला?"

"अरे, माणसानं कार्ड उघडलं की आपलं कुठलं ते एका नजरेत दिसाय पाहिजे. नाय तर पुन्हा तुझी ती अर्ध्या तासाची कथा." माझा आवाज चढला होता. मी तसंच छापलं, व्हॉट्सअपवरही टाकलं.

पहिल्या आठवड्यात सहा फोन आले. कुणी काही समजावून मागेना, "दोन नंबरचं पाहिजे, तारीख मोकळी आहे का?" एवढंच. सहाही तारखा लागल्या. मी पेढे आणले. अक्कल माझी ना!

मग एक जण दुकानात आला, मुलीच्या लग्नासाठी. मी तिथंच होते. त्यानं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे कशाला टाकलंय? तुम्ही त्यांच्यातले का?"

"व्हय," धम्मपाल म्हणाला. "बौद्धच आहे मी."

"नाय, सहज विचारलं. घरी बोलून सांगतो."

सहा तारखांपैकी चार पंधरा दिवसांत मोडल्या. कुणाच्या मामाचा मुलगा फोटोवाला निघाला, कुणाचं लग्नच पुढं गेलं. तोंडावर कुणी काय बोललं नाय. तोंडावर बोलले असते तर मी तरी चार शिव्या घातल्या असत्या.

आणि त्याच्या समाजाचं गिऱ्हाईक? छावणीतल्या गीताबाई कार्ड घेऊन आल्या त्या तणतणतच. "आमच्या पोराला वेगळा रकाना का? आमची हळद नसती का? आम्ही दोन दिवस लग्न केलं तर चालत नाय का तुमच्या कार्डात? आणि स्वस्तातलं म्हणून शेवटी टाकलं?" धम्मपाल खाली मान घालून ऐकत होता. रकाना माझा होता, बोलणी त्यानं खाल्ली.

मी रातोरात तो मथळा बदलला. 'पाच तास, दोन माणसं,' बस. त्यानं सांगितलं होतं तेच. पण जुन्या कार्डाचा फोटो वाळूजपासून करमाडपर्यंत मोबाईलमधून फिरत होता, तो कुठून पुसणार? दिवाळीपर्यंत पंधराच्या जागी तीन तारखा. शटर खाली आलं. आता तिथं मोबाईलचे कव्हर विकतात.

आता माझं सांगते, हे सांगायला मला लाज वाटते. माझी पुतणी श्रेया, करमाडच्या मोठ्या दिरांची, नानासाहेबांची मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी धम्मपालला आपणहून म्हणाले होते, "ही तारीख तुझी. दुकान नसलं म्हणून काय, कॅमेरा तर आहे." घरात विषय काढला. भाऊजी म्हणाले, "तो होय? कार्डवाला? सुलेखा, देवक बसतं, घरात सोवळं असतं, नको. जालना रोडवरच्या स्टुडिओला सांगितलंय मी." सगळे माझ्याकडं बघत होते. दुकानात आख्ख्या दुनियेवर ओरडणारी मी, मूग गिळून बसले. धम्मपालला फोनसुद्धा केला नाय. त्यानंही विचारलं नाय.

लग्नाच्या दिवशी जालना रोडवाल्यांची पोरं आली, सगळ्यांच्या अंगात स्टुडिओचं नाव छापलेले काळे टी-शर्ट. त्यात एक धम्मपाल. रोजावर आला होता.

सकाळपासून तो घरातच होता. देवकाचे फोटो त्यानंच काढले. हळदीचे त्यानंच. भाऊजी खूश. त्याच्या पाठीवर थाप मारून मला म्हणतात, "बघ! याला म्हणतात मोठ्या स्टुडिओचा माणूस. तुझ्या त्या कार्डवाल्याला जमलं असतं का?" त्यांनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. पाहिलं होतं ते कार्ड.

मी चहा घेऊन त्याच्याकडं गेले. म्हटलं, धम्मपाल, मी सांगते आता सगळ्यांना, होऊ दे काय व्हायचं ते.

"ताई, पाया पडतो, नाव घेऊ नका इथं," तो हळूच म्हणाला. "यांनी परत बोलवलं नाय तर मेघाला काय सांगू? इथं मला कुणी नाव विचारत नाय, तेच बरंय."

तेवढ्यात भाऊजींनी हाक मारली, घरच्यांचा फोटो राहिला होता. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. धम्मपालनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"काकू," तो म्हणाला, मला पहिल्यांदाच, "जरा हसा ना."

मी हसले.