शेवटच्या धारा

गुजरातेत, बनासकांठ्यातल्या आमच्या गावात रूखीबेनसारखी कष्टाळू बाई शोधून सापडली नसती, आणि तिच्यासारखी जळकीही. बरं, जळायची ती गावावर नाही, एकट्या धाकट्या जावेवर. मोंघीबेनचा रोटला टम्म फुगला तरी हिचा घास घशात अडायचा.

वाटणीत एकाच म्हशीच्या दोन लेकी दोघींच्या दावणीला आल्या. चारा एका शेतातला, पाणी एका हौदातलं, व्यायल्याही आगेमागेच. तरी दूध मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी डेअरीत, यंत्राखाली दूध गेलं की मोंघीचं फॅट साडेसात, आणि रूखीबेनचं सहाच्या आसपास लोळत पडलेलं! कष्ट हिचे जास्त, लिटरमागचा भाव तिला जास्त. ही आग विझावी कशी?

एका बाबतीत मात्र रूखीबेन हरत नसे. रांगेत पहिला नंबर तिचाच. पान्हा फुटला की सपासप धारा काढायच्या, कॅन भरत आला की पारडू प्यायला सोडायचं आणि पदर खोचून पळत सुटायचं. मोंघी दिसायच्या आत ही मंडळीच्या दारात.

एका संध्याकाळी पुन्हा सहाच आलं आणि रूखीबेनचा तोल सुटला. मंडळीचा मंत्री, म्हणजे सगळा कारभार बघणारा वालजी, यंत्रापाशी बसला होता.

"काय रे वालजी, हे यंत्र तोंड बघून आकडे दाखवतं का?"

"काकी, यंत्राला डोळे असते तर ते तुम्हालाच घाबरलं असतं."

रांग खदखदली. मोंघीही हसली, आणि तेवढंच निमित्त झालं.

"हसतेस काय! दुधात काय कालवतेस ते सांग ना सगळ्यांना!"

दुधात भेसळ केल्याचा आळ म्हणजे घराच्या तोंडालाच काळं. खरा ठरला तर दूध बंद. मोंघीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भाभी, आज दूध तपासाच. तुमचं बोलणं खोटं निघालं तर तुम्ही शब्द मागे घ्यायचा, इथंच."

"घेईन की!"

वालजीनं मोंघीचं दूध नीट ढवळून यंत्राखाली धरलं, आकडे बघितले आणि उठून उभा राहिला. असा तो अबोल, पण त्या दिवशी भाषणच ठोकलं.

"ऐका सगळे. काटा सांगतो दूध किती, यंत्र सांगतं दुधात काय. लोणी-तूप ज्याचं होतं ते फॅट. फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते एसएनएफ, म्हणजे पनीर होतं तो भाग, दुधातली साखर, क्षार. दुधात दोन्ही किती भरले ते काढायचं, दोघांना आपापला दर लावायचा आणि बेरीज करायची. तोच तुमचा भाव. पाणी ओतलं तर दोन्ही आकडे घसरतात. मोंघीबेनचं एसएनएफ नऊ, रूखीकाकीचंही नऊ. कुणीही पाणी घातलेलं नाही. फरक आहे तो नुसत्या फॅटचा."

"म्हणजे मी साय चोरते होय रे?"

"नाही काकी. पहिल्या धारा पातळ, फॅट सगळ्यात जास्त शेवटच्या धारांत. तुमच्या म्हशीच्या शेवटच्या धारा कोण पितं?"

रांगेतून म्हातारे देवाबापा म्हणाले, "अगं, तुझं पारडू बघ की, जावयासारखं पोसलंय!"

हशा इतका उसळला की रूखीबेन रिकामा कॅन घेऊन तडक घरी गेली. शब्द मागे घ्यायचा राहूनच गेला.

सकाळी तिनं आधी पारडाला चार घोट पिऊ दिले, मग थेंब न् थेंब पिळून काढला. उशीर झाला, आणि जन्मात पहिल्यांदा ती मोंघीच्या मागे उभी राहिली. यंत्रानं साडेसात दाखवलं.

बाहेर मोंघी थांबली होती.

"झालं ना मनासारखं, भाभी? आता तुमचंही पारडू माझ्या पारडासारखं होईल. माझ्याच्या बरगड्या मोजता येतात. तुमचं उड्या मारताना बघून रोज जीव जळायचा माझा. मला वाटायचं, भाभींचं मन मोठं, म्हणून त्या मुक्या जिवासाठी शेवटचं दूध ठेवतात."

मोंघीसुद्धा जळत होती! रूखीबेनला ते गुळासारखं गोड लागलं. पण 'मन मोठं' हे शब्द काही गिळता येईनात. मन कसलं, ही तर रांगेसाठी पळत होती.

"एक सड पारडाला सोड," ती घुश्शातच म्हणाली. "बाकीचे तीन शेवटपर्यंत पिळ. मीही तसंच करणार."

संध्याकाळी भरल्या रांगेत ती मोठ्यानं बोलली, "काल मी मोंघीबद्दल बोलले ते खोटं होतं. तिचं दूध चोख आहे." देवाबापांना ठसका लागला. मोंघीनं पुढे होऊन तिच्या हातातला कॅन घेतला.

मग रूखीबेनच्या पाठोपाठ मोंघीचं दूध यंत्राखाली गेलं आणि रूखीबेनची मान आपोआप लांब झाली. मोंघीचं फॅट हिच्यापेक्षा किंचित वर होतं.

"मोंघी," रूखीबेन दातओठ खात म्हणाली, "पेंड कुठली घालतेस गं तू?"