बर्फ वितळेपर्यंत

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, तुमच्या बुडाखाली शेगडी ठेवलीय. एसी दुरुस्तीच्या धंद्यात हा स्वभाव खपून जातो, कारण मे महिन्यात नागपुरातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला मेकॅनिक कालच यायला हवा असतो. पण त्या दुपारी याच स्वभावानं माझी पार शोभा केली. लाज वाटते, तरी सांगतो.

फोन वहिनींचा होता. वहिनी म्हणजे दादाची बायको, आणि दादा म्हणजे ज्यानं मला हे काम शिकवलं तो. सख्खा भाऊ नव्हे, पण त्याच्या स्कूटरवर मागे गॅसचा सिलेंडर धरून मी बारा वर्षं नागपूर पालथं घातलं. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर बाहेरचं युनिट बसवताना तो खाली पडला आणि मानेचा मणका गेला. तेव्हापासून मानेखाली हालचाल नाही. आणि पुष्कळांना माहीत नसतं ते म्हणजे, मानेखाली घामही येत नाही. खोली तापली की त्याचं अंग तापत जातं. त्यामुळे त्याच्या खोलीतला एसी ही काही चैन नव्हती.

"भाऊजी, पायपावर पुन्हा बर्फ आला," वहिनी म्हणाल्या. "हवा नावाले येऊन राहिली. यांचं अंग शंभराच्या वर गेलं."

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, एकशे दोन झालं की विचार करायचा नाही, दवाखान्यात आणायचं. मागच्या वर्षी असंच आणलं होतं. दादा तिथून पडून पडून पाठीवर झालेल्या जखमा घेऊन परत आला आणि त्या भरायला पाच महिने लागले. वहिनींच्या आवाजात तेच पाच महिने होते.

आणि मला टोचला तो "पुन्हा". कारण तीन आठवड्यांपूर्वी हाच बर्फ मी पाहिला होता. आमच्या धंद्यात बर्फ दिसला की गॅस कमी, हे इतकं तोंडपाठ झालंय की हात आपोआप प्रेशर मोजायच्या गेजकडे जातो. मी गेज लावला, काटा खाली दिसला, गॅस भरला, दोन घोट चहा घेतला आणि पुढच्या कामाला पळालो. तेव्हा दादा पलंगावरून म्हणाला होता, "जाळी पाह्यली का गा?" मी म्हणालो होतो, "पाहतो ना दादा, तू आराम कर." पाहिली नव्हती.

मी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. खोलीत दोरीवर ओले टॉवेल वाळत होते, त्याच टॉवेलांनी दादाचं अंग पुसायचं. कोपऱ्यात वहिनींची शिलाई मशीन, कारण थंड खोली एकच आणि साड्यांना फॉल लावायचं काम नवऱ्याजवळ बसूनच होतं. आतल्या मशीनमधून हवा येत होती म्हणायलाच. आतून आलेल्या जाड पायपावर बोटभर पांढरा बर्फ. थर्मामीटरवर शंभर पूर्णांक सहा.

मी बॅग उघडून गेज काढला.

"ठेव ते खाली," दादा म्हणाला.

"दादा, पाच मिनिटांत पाहतो. गॅस गळला असंल."

"मी काय सांगून राहिलो? ठेव खाली."

मी तरी बाहेरच्या युनिटला जाऊन लावलाच. अंगात मस्ती, दुसरं काय! काटा चांगलाच खाली होता. "पाह्य," मी आत येऊन म्हणालो, "कमी आहे."

"बर्फ लागलेल्या मशीनीचा काटा कसा खरा मानतो बे? हवाच जात नाही कॉइलवरून, तर गॅस उकळंल कशानं? प्रेशर पडणारच. हवा कमी, कॉइल जास्त गार, त्याच्यावर दव गोठते. बर्फानं हवा अजून कमी. तू आता गॅस भरशील, मंग हवा सुरू झाली की जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरच्या डोक्यावर बसंल."

हे मलाही येत होतं हो. त्यानंच शिकवलं होतं. आधी हवा, मग गॅस. पण येणं वेगळं आणि करणं वेगळं. मी गेज काढला.

बर्फ उतरवायला थंडावा बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. म्हणजे खोली आणखी तापणार. बाहेरच्या खोलीतला कूलर मी ओढत आणून खिडकीला लावला, टाकीत पाणी ओतलं. मग समोरचं झाकण उघडून जाळ्या काढल्या. जाळी दिसतच नव्हती. साड्यांचे धागे, सुताची पूड, धूळ, सगळ्याचा मिळून राखाडी नमदा झाला होता. चिमटीत धरून सोलला तर अख्खा निघाला.

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अगं आई! माझ्याच कामाची घाण. मले कोणी सांगितलंच नाही, की हे काढून धुवा लागते."

सांगायचं कोणी होतं? मीच. वहिनी जाळ्या घासत मोरीवर उभ्या होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि मी तोंड फिरवून पायपाकडे पाहत होतो.

मग सुरू झालं वाट पाहणं. अरे बापरे! बर्फ वितळायला तासभर लागतो. मी पलंगाभोवती फिरत होतो, दर दोन मिनिटांनी पायपाला हात लावत होतो. खाली ठेवलेल्या बादलीत टपटप थेंब. थर्मामीटर, शंभर पूर्णांक नऊ. मला वाटत होतं, कूलरचा काय भरवसा, अंग चढतच चाललंय. मी पेचकस घेऊन कॉइलवरचा बर्फ खरवडायला स्टुलावर चढलो.

"उतर खाली." दादाचा आवाज मोठा नव्हता. "टोक लागलं कॉइलले तर आजचं काम संपलं. बस तिथं. मी पडलो आहे ना सहा वर्षांपासून? तुले एक तास जात नाही?"

मी स्टुलावर बसलो. पाय हलतच होता.

दीडच्या सुमारास बर्फ गेला. जाळ्या धुऊन, वाळवून बसवल्या. पंखा पूर्ण वेगावर टाकला आणि हात समोर धरला. हवा येत होती, पण जीव नव्हता तिच्यात. जाळी स्वच्छ, बर्फ नाही, तरी ही गत! मी पुन्हा गॅसच्या विचारात, तेवढ्यात दादानं डोळे मिटले.

"ऐक. पंखा ओढून राहिला. गुर्रऽ करून मंग फिरते."

मला काही ऐकू आलं नाही. सहा वर्षं छताकडे पाहत त्याच मशीनखाली पडलेल्या माणसाला ऐकू येत होतं. मी आधी पंख्याचा कपॅसिटर बदलून पाहिला, फरक नाही. मग वीज बंद करून मोटर बाहेर काढली. हात भाजण्याइतकी गरम होती.

"माझ्या गालाजवळ आण," तो म्हणाला. "आता दांडा फिरव. हळू."

गाल हेच त्याचं बोट होतं. मोटर जरा निवल्यावर ती गालाला टेकवून मी दांडा फिरवला. त्यानं दोन फेऱ्या ऐकल्या आणि म्हणाला, "दांड्याचा बुश सुकला. घासून राहिला. नवीन आण." मग मीही बोटांनी फिरवून पाहिलं. खरंच, दांडा अडकत अडकत फिरत होता.

सीताबर्डीला जाऊन यायला मला पाऊण तास लागला. ऊन असं, की स्कूटरचा ब्रेक धरवत नव्हता. दुकानदार नंबर जुळवायला चष्मा शोधत बसला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो, मग माफी मागितली. मोटर हातात आली आणि फोन वाजला.

"एकशे एक पूर्णांक चार," वहिनी म्हणाल्या. "डोकं दुखून राहिलं म्हणतात. गाडी बोलावू का भाऊजी?"

"दहा मिनिटं द्या, वहिनी. हात जोडतो."

दहा मिनिटांत मी पोचलो कसा, ते मला विचारू नका. मोटर बसवताना माझ्या हातून एक स्क्रू दोनदा पडला.  दादाचे ओठ कोरडे, चेहरा लाल, डोळे मशीनवर. एकशे एक पूर्णांक आठ. वहिनींच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओला टॉवेल.

पंखा सुरू केला. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. मग थंडावा सुरू केला, कूलर बंद केला, दार लावलं. मी गेज हातात घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

"आता नको," तो पुटपुटला. "मशीन जमू दे. वीस मिनिटं."

वीस मिनिटं! समोर माणूस तापलाय आणि मी रिकाम्या हातानं उभा. पण उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळाकडे पाहून वीस मिनिटं काहीही न करता उभा राहिलो.

मग बाहेर जाऊन गेज लावला. प्रेशर थोडं कमी होतंच. म्हणजे गॅस खरंच गळत होता, मी तीन आठवड्यांपूर्वी भरलेला. जोडाच्या नटावर तेलाचा ओला डाग होता. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे. दोन पान्यांनी नट आवळला, फेस पुन्हा लावला, बुडबुडे थांबले. मग काट्यावर नजर ठेवून थोडा थोडा गॅस सोडला. जाड पायपावर आता नुसतं पाणी सुटलं होतं, सगळीकडे सारखं. बर्फाचा कण नाही.

आत आलो. वहिनींनी थर्मामीटर उजेडात धरला. एकशे एक पूर्णांक दोन. अर्ध्या तासानं शंभर पूर्णांक पाच. त्यांनी फोन खाली ठेवला आणि शिलाई मशीनच्या स्टुलावर मटकन बसल्या. पाच वाजेपर्यंत नव्व्याण्णव झालं आणि दादानं पाणी मागितलं.

नळीनं पाणी पिऊन झालं तसा तो माझ्याकडे वळला. मान जेवढी वळते तेवढी.

"तीन आठवड्यांआधी मी तुले काय विचारलं होतं?"

"जाळी पाह्यली का, म्हणून."

"मंग?"

"नाही पाह्यली."

"काहून?"

मी काहीतरी सांगू शकलो असतो. सीझन होता, फोन वाजत होते. पण खरं वेगळंच होतं, आणि ते मी सांगितलं. "मला वाटलं तू आजारी माणूस आहे दादा. बोलतोय, बोलू द्यावं."

वहिनी कामात असल्याचं सोंग करून खाली पाहत होत्या.  आणि मग दादा सुटला! काय काय बोलला! गधा म्हणाला, कामचोर म्हणाला, गळती शोधल्याबिगर गॅस भरणारा म्हणाला, जो आमच्यात सगळ्यात वाईट शब्द आहे. माझ्या नावानं लोक शिव्या घालतील, असा शिकवला का मी तुले, म्हणाला. आवाज चढून बारीक झाला, दम लागला, थांबून पुन्हा बोलला.

सहा वर्षं मी दर आठवड्याला त्या घरी येत होतो. फळं आणायचो, तब्येत विचारायचो, तो बरी आहे म्हणायचा. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता, आणि मी त्याला ओरडायचं एकही कारण दिलं नव्हतं, कारण मी त्याच्याशी कामाचं बोलणंच सोडलं होतं.

मी खाली मान घालून उभा होतो, पूर्वी उभा राहायचो तसा. रडू येत होतं आणि बरं वाटत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "त्याला थोडं पाणी द्या. अजून बोलायचं असंल."