गोळ्यांची पाळी

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बायको पाळीत बसली की कोयता अर्धा, मजुरी बुडते. म्हणून तिसगावची पंकजा टोळीतल्या बाकीच्या बायांसारखीच हंगामात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खायची. मूलही तसंच पुढे ढकललं गेलं. औंदा नको, पुढल्या साली, असं म्हणता म्हणता ती चौतिशीला आली, आणि उन्हाळ्यात घरी असताना एक पाळी आलीच नाही.

पंकजाला आभाळ ठेंगणं झालं. तिने नवऱ्याला, वैजनाथला, चुलीपाशी हळूच सांगितलं, तर तो भोळा गडी संध्याकाळी पेढेच घेऊन आला. गावच्या आशा सेविकेने लघवी तपासली. पट्टीवर एकच रेघ उमटली. पेढे मग दोघांनीच खाल्ले.

पुढचे महिनेही कोरडेच गेले. बसल्याजागी छातीतून वाफ उठायची, तोंड लालबुंद व्हायचं, पोलकं घामाने भिजायचं आणि मग हुडहुडी भरायची. सासू भागूबाईंनी उष्णता म्हणून सब्जा पाजला. सब्जा तरी बिचारा काय करणार!

शेवटी दोघं नगरच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, थायरॉईड आणि इतर संप्रेरकांसाठी रक्त घेतलं. पाळीसाठी मेंदू अंडाशयाला हाक मारतो, अंडाशय ओ देईनासं झालं की हाक मोठी होते. ती हाक, म्हणजे एफएसएच, रक्तात मोजतात, असं त्यांनी समजावलं. ते फार वाढलेलं निघालं. पण कधीकधी अंडाशय मध्येच जागं होतं, म्हणून महिन्याने पुन्हा तपासायचं ठरलं.

टोळी नेवाशाकडे निघून गेली, तरी वैजनाथ बायकोसाठी मागे थांबला. ज्या पाळीला पंकजाने दरसाल हाकलून लावलं, तिचीच ती आता रोज वाट बघू लागली. दुसरा रिपोर्टही तसाच आला.

"माझ्या गोळ्यांनीच झालं का हे?" तिने विचारलं.

"नाही. त्या गोळ्यांनी असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अंडाशयांनी वेळेआधी काम कमी केलंय. कारण बऱ्याचदा सापडत नाही, तरी गुणसूत्रांची तपासणी करू." आपसूक दिवस जाण्याची आशा शंभरात पाचेक जणींना, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन मूल होऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. हाडं आणि हृदय जपायला पन्नाशीपर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. पाळी येईल, पण ती त्या गोळ्यांची, अंडाशयांची नव्हे, असं त्यांनी बजावून सांगितलं.

दोघं टोळीत गेले. हळूहळू वाफा थांबल्या. एका पहाटे पंकजा उसाच्या फडात गेलीच नाही, खोपीत बसून राहिली. वैजनाथ घाबरून आत आला.

"दुखतंय का?"

"न्हाई. पाळी आली." तिचे डोळे वाहत होते. "गोळ्यांची हाय, मला ठावं हाय. पर आजचा दिस मला बसू द्या."

वैजनाथने कोयता खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसला.