नणंद

आमच्या मंडळाचा तक्ता रेशनकार्डासारखाच असे: अनुक्रमांक, नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते. चामराजपेटेतल्या मराठी घरांनी तो दर वर्षी मराठीतच नव्यानं उतरवून द्यायचा. मंडळाची औषधाची मदत त्यात नाव असलेल्यालाच मिळे. आमच्या घरी हे काम माझं. ऑफिस, बस आणि भाजी उरकून आल्यावर मी ते करायची, म्हणजे कसंबसं.

बाबा गेले त्या वर्षी मी त्यांचं नाव गाळलं, पहिल्या ओळीवर धाकट्या भावाचं घातलं, सगळ्यांच्या वयात एक मिळवलं आणि नात्यांचा रकाना जुन्या तक्त्यावरून जसाच्या तसा उतरवला. मंडळाच्या कारकुनानं कागद परत केला. माझ्या भावाच्या घरी आई पत्नी होती, मी मुलगी होते आणि त्याची बायको सून.

“अक्का, प्रमुख बदलला की नाती बदलतात. स्वल्प बघून लिहा,” तो इथल्या सवयीनं कानडी मिसळत म्हणाला. मला हसूही आलं नाही. पुन्हा सगळं लिहायचं, एवढंच डोक्यात आलं.

घरी येऊन नवा कागद घेतला. आई, पत्नी, बहीण, इथवर झालं. आत्यापाशी भावानं मला थांबवलं. ती बाबांची बहीण, लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आली ती कायमचीच. तिचे सासरचे तुमकूरला आहेत, तिचं नाव त्यांच्या तक्त्यात जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. नावामागून तिलाही जावं लागणार, हे सगळ्यांना कळलं. आत्या समोरच अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही, आणि मला भावाचा इतका राग आला की पेन खाली ठेवावं लागलं.

आई आणि आत्या यांचं कधी पटलं नव्हतं. मिठापासून देवाच्या फुलांपर्यंत दोघींची रोजची कटकट, बाबा मध्ये पिचलेले. म्हणून आईच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

“प्रमुख मला लिही,” आई म्हणाली. “दोन नंबरला हिला घाल.”

भाऊ म्हणाला, घरभाडं मी भरतो. आई म्हणाली, भर की, तुझं नाव राहील तिसरं. तो उठून बाहेर गेला.

मी तिसऱ्यांदा रकाने आखले. हात भरून आले होते. आत्यापुढे मी ‘नणंद’ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

“आजवर ही मला तुझ्या बाबांची बहीणच म्हणायची,” ती म्हणाली. “पहिल्यांदा हिची कुणी झाले.”

आई सही करत होती. तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकूनही मान वर केली नाही.