ओहोटीवर भरवसा ठेवू नका

आमची अनिता म्हात्रे कंपनीत पर्सोनेल ऑफिसर हाय. मी जगन, त्याच कंपनीची बस चालवतो. पेणहून पहिल्या पाळीची माणसं उचलायची, वडखळ, नागोठणं करत रोह्याला धाटावच्या गेटवर उतरवायची. गाव माझं जोहे. घरचे गणपती रंगवतात, मला रंगाचा वास सोसत नाय म्हणून मी स्टेअरिंग धरलं. ते जाऊ दे. सांगायचंय ते अनिताचं.

तिला एक खोड हाय. कंपनीचा कुठलाही निरोप व्हॉट्सॲपवर टाकायच्या आधी ती मला फोन करते, सगळा वाचून दाखवते आणि विचारते, "जगनदादा, हे ऐकून तू काय करशील?"

चांगलं झालंय का, असं नाय विचारत. काय करशील, एवढंच. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. अगो, मी ड्रायव्हर माणूस, तुझी परीक्षा तपासायला बसलोय काय? पण ती हटायची नाय. एकदा तिने वाचलं, सेफ्टी शूजशिवाय गेटमधून प्रवेश नाही. मी म्हटलं, मी पुढच्याचे बूट घालून आत जाईन आणि कुंपणावरून मागच्याला टाकीन. ती हसली नाय. तिने तो निरोप खोडला आणि ठेकेदाराच्या माणसांना बूट कुठून मिळणार ते आधी लिहिलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर चिडायचं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

पोरगी वडखळच्या पलीकडच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली. बाप विठू मिठागरात राबला. ज्या घरात घड्याळाआधी पाण्याकडे बघतात, त्या घरात वाढलेली. पेणच्या कॉलेजात बीकॉम झाली, कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावायला लागली, आणि तिथून वर चढली. लग्न रोह्यात झालं. पण बोलायला लागली की अजून खारेपाटच बाहेर येतो, आणि त्याची तिला लाज नाय.

तर एका वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रभर डोंगराकडे पाऊस कोसळत होता. पेणमध्ये गाडी काढली तेव्हा काय वाटलं नाय. नागोठण्याच्या पुढे आलो तर पोलीस आडवे. मोठ्या पुलाला पाणी लागलेलं, गाडी सोडत नव्हते. मी बस कडेला लावली.

बसमध्ये निम्मी माणसं कंपनीची, निम्मी मिथुन ठेकेदाराची. कंपनीवाले सीटवर मागे रेलले. ठेकेदाराची माणसं उभी राहिली. हा फरक मला काय नवीन नाय. कायम माणसाची रजा तरी असते, ठेक्यावरच्याचा खाडा झाला की तो दिवस गेला.

त्यातला कान्हू उठला. कान्हू ठाकूर, ठेकेदाराचा हेल्पर, खारेपाटातलाच, अनिताच्या शेजारच्या गावचा. डबा काखेत मारला नि म्हणाला, "आज अष्टमी हाय. पहाटेच भरती होऊन गेली. आता ओहोटी लागली. आतल्या रस्त्याच्या फरशीवरचं पाणी घटकाभरात घोट्याला येईल. मी चालत पलीकडे जातो, पुढे मिळेल ती गाडी धरतो."

आमच्याकडे असंच असतं. तिथी विचारायची, बोटांवर पाणी मोजायचं, आणि खाडीत उतरायचं. सगळं आयुष्य त्यावर चालतं, आणि हिशोब चुकत नाय. म्हणून कुणी त्याला अडवलं नाय. मीही म्हटलं, जपून जा. फरशी म्हणजे ओढ्यावरचा तो बुटका पूल, कठडा नसलेला, पाणी वाढलं की वरून वाहतं.

तो गेला आणि अनिताचा फोन आला.

"दादा, कुठे हायस?"

सांगितलं.

"गाडी तिथेच ठेव, पुढे काढू नको. मुंबईहून मृणाली मॅडमनी निरोप पाठवलाय. सगळ्यांना टाकायचाय. ऐक." मृणाली मॅडम म्हणजे हेड ऑफिसच्या मोठ्या साहेब, अनिताच्या वरच्या. तिने वाचलं, "अतिवृष्टीमुळे कर्मचाऱ्यांनी सुरक्षिततेची काळजी घेऊन शक्य तितके कामावर हजर राहण्याचा प्रयत्न करावा. गैरहजेरीबाबत नियमाप्रमाणे निर्णय घेतला जाईल." मग नेहमीचं, "हे ऐकून तू काय करशील?"

"मी गाडी काढीन," मी म्हटलं.

"का?"

"नियमाप्रमाणे म्हणजे कापणार. आजवर नियमाप्रमाणे कुणाला काय जास्त मिळालंय काय?"

तिने तिथल्या तिथे नवीन बनवलं आणि वाचलं. आज पहिल्या पाळीला कुणी यायचं नाय. जो येणार नाय त्याची गैरहजेरी लागणार नाय, रजा कापली जाणार नाय, पगार पूर्ण. रस्त्यात असाल तर मागे फिरा.

"आता?"

"कंपनीचे घरी जातील. ठेकेदाराचे नाय जाणार. त्यांना वाटेल हे आपल्यासाठी नाय."

"बरोबर. त्यांचं नाव घालते. अजून?"

"तरी कान्हू जाईल गो."

"का?"

"आत निकेश हाय."

निकेश म्हणजे कान्हूचा जोडीदार, रात्रपाळीचा. आमच्या कंपनीत भट्टी चोवीस तास चालते, आणि तिथला कायदा एकच, बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाय. कान्हू नाय गेला तर निकेश रात्रीपासून उभा तो उभाच. पैशासाठी माणूस एक वेळ थांबेल. जोडीदार अडकलाय म्हटल्यावर नाय थांबणार.

"जाईल म्हणजे काय?" अनिता म्हणाली. "कान्हू बसमध्ये नाय?"

"फरशीकडे गेला. ओहोटी लागली म्हणाला."

ती म्हणाली, "दादा, त्या ओढ्याला कसली ओहोटी? तिथे खाडीचं पाणी चढतच नाय. ते डोंगराचं पाणी हाय, वरचा पाऊस थांबेस्तोवर वाढतच राहणार." आणि फोन ठेवला.

एवढी वर्षं त्या रस्त्याने जातो, मलाही सुचलं नव्हतं. मी कान्हूला फोन लावला. वाजला, उचलला नाय. डब्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला असणार. बसमधली माणसं सोडून मी धावू शकत नव्हतो. दोघा तरण्या माणसांना त्याच्या मागे पाठवलं आणि सांगितलं, हाका मारा, पण पाण्यात पाय टाकू नका.

तिकडे कंपनीत अनिताने काय केलं ते मला नंतर निकेशने सांगितलं. आधी तिने प्रॉडक्शन मॅनेजरला गाठलं. भट्टी कमी लोडवर आणा, बाकीचे विभाग बंद करा, म्हणजे आत मोजकी माणसं पुरतील आणि ती आळीपाळीने झोपतील. मॅनेजर शहाणा माणूस, वाद घातला नाय. मग मिथुनला फोन. तुझी जी माणसं आज येऊ शकली नाय त्यांचा दिवस भर, कंपनी तुझ्या बिलात देईल. मिथुन म्हणाला, ताई, तोंडी नको, लिहून द्या. मॅडमचा फोन लागत नव्हता. अनिताने स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या सहीने लिहून दिलं. अधिकार तिला नव्हता. मॅडम नाय म्हणाल्या असत्या तर ते तिच्या गळ्यात आलं असतं, आणि नोकरीवरही आलं असतं. तिला ते माहीत होतं.

आणि मग ती निकेशला घेऊन गेटवर आली. भट्टीच्या आवारात मोबाइल चालत नाय, सगळ्यांचे फोन गेटवर जमा. पण बदली माणूस वेळेवर आला नाय की गेटच्या फोनवरून त्याला बोलावतात. त्या नंबराला हेल्पर वेगळी रिंग लावून ठेवतात, ती वाजली की पिशवीतूनसुद्धा फोन काढतात. अनिताला ती सवय ठाऊक होती. तिने आपल्या मोबाइलवरून लावलाच नाय. गेटच्या फोनवरून लावला. नाय उचलला. परत लावला. तिसऱ्यांदा कान्हूने उचलला, आणि तिने फोन निकेशच्या हातात दिला.

तो फरशीच्या तोंडाशी उभा होता. एक पाय पाण्यात टाकून बघितला होता, म्हणे.

"निकेश, येतोच रे," तो म्हणाला.

"येऊ नको," निकेश म्हणाला. "मी चहा-पाव खाल्लाय. कॅन्टीनमध्ये गाद्या टाकल्यात. माझी जागा दुसऱ्याने धरली, मी झोपायला चाललो. थांबतोय त्याचे डबल पैसे मिळणार हायत. तू आलास तर मला उठवशील."

"पण ओहोटी हाय—"

अनिताने फोन घेतला. "कान्हू, मी विठूची अनिता. ते पाणी तुझ्या-माझ्या खाडीचं नाय, डोंगराचं हाय. ते अष्टमी जाणत नाय. तुझा दिवस भरला, निकेश झोपला. आता मागे बघ आणि चालायला लाग."

दोघं तरणे पोचले तेव्हा कान्हू परत येत होता. तासाभरात पाणी आणखी चढलं, आणि दुसऱ्या दिवशी उतरलं तेव्हा फरशीचा मधला तुकडा जागेवर नव्हता. कान्हूने ते स्वतः जाऊन पाहिलं.

निरोप कान्हू परत फिरेपर्यंतच सगळ्यांना गेला होता, तिन्ही गोष्टी घालून. यायचं नाय. कायम असो की ठेक्याचा, पगार पूर्ण. आतल्या माणसांची जेवणाची, झोपेची सोय केलीय, त्यांच्यासाठी निघू नका. आणि खाली एक ओळ जास्तीची: ओहोटीवर भरवसा ठेवू नका, आम्ही फोन करू तेव्हाच निघा.

त्याच दुपारी मृणाली मॅडमचा फोन लागला. ठेकेदाराला लिहून द्यायचा अधिकार तुला कुणी दिला, असं त्यांनी विचारलं. अनिता म्हणाली, कुणीच नाय, मॅडम. माणूस पाण्याच्या काठावर उभा होता. नामंजूर असेल तर माझ्या पगारातून वळते करा, पण निरोप मागे घेऊ नका. मॅडमनी फोन ठेवला आणि संध्याकाळी मंजुरीचा मेल आला. वर एक ओळ होती, पुढच्या वेळी मला घरच्या नंबरवर उठवायचं. त्या मॅडमबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं बदललं.

आता दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी अनिता तोच निरोप काढते, आधी मला वाचून दाखवते. या वर्षी मी फोनची वाट बघत बसलो, आलाच नाय. राग आला. गाडी गेटवर पोहोचल्यावर सरळ टाइम ऑफिसात गेलो. तिथे खुर्चीवर कान्हू बसलेला, हाताची घडी घालून, शाळेतल्या पोरासारखा.

अनिता वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे ऐकून तू काय करशील?"

"घरी बसेन."

"आणि ओहोटी लागली तर?"

कान्हूचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला, पाणी मोजायला. सवयच ती. मग त्याने मूठ मिटली.

"तरी बसेन," तो म्हणाला. "गेटचा फोन येईस्तोवर."

अनिताने निरोप पाठवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय. मी बसकडे परत आलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.