वाढत्या अंगाची बॅट

आमच्या घरात कापड घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. शाळेचा झगा गुडघ्याच्या पार खाली, आत चांगली रुंद दुमड, आणि पोर वाढेल तशी ती उसवायची. चपलाही मोठ्याच. त्यात वावगं काही नाही. झगा ढगळ झाला तर पोर फार तर गबाळी दिसते. पण माझ्या फौजी लेकानं त्याच हिशेबानं माझ्या नातीला क्रिकेटची बॅट घेतली, तिथं माझं अख्ख्या घराशी वाजलं.

नात चौदाची. उसासारखी वाढायला लागलेली. आष्ट्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळायची आणि मी बाभळीखाली बसून बघायचो. साताऱ्याला निवड होणार होती. त्यात नाव लागलं तर ती विभागाच्या संघात जाणार, नाही लागलं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. आणि आमच्याकडं पोरीला पुढच्या वर्षी खेळायला कोण पाठवतंय, हे मला चांगलं ठाऊक होतं. घरातल्या बायका आत्ताच कुजबुजत होत्या.

त्यासाठीच लेकानं सुट्टीवर येताना ती बॅट आणली. परदेशी लाकडाची, फुल साइज, मोठ्या माणसांची. "आबा, वाढतं वय हाय. दोन-तीन वर्षं बघायला नको," म्हणाला, आणि सुट्टी संपवून गेला.

आधी ही पोर चेंडू असा सरळ मारायची की टाकणारीला पाय उचलावा लागायचा. नवी बॅट आली आणि चेंडू स्टंपात जायला लागला. मी डोळ्यानं बघत होतो. बॅट मागं उचलायला वेळ लागायचा, खाली यायला त्याहून जास्त. वरच्या हाताला ती पेलायची नाही, मग खालचा हात ओढून घ्यायचा आणि बॅट आडवी फिरायची. रात्री आजीकडून मनगटाला हळद लावून घ्यायची, पण तोंडानं एक शब्द नाही. बापाची भेट होती ना.

मैदानावरचे सर म्हणाले, "आबा, ताकद कमी पडतीया. डंबेल्स मारायला लावा."

"सर, बूट चावला तर बूट बदलायचा का पाय?" मी म्हणालो. पोरं हसली. सर हसले नाहीत.

मी चौथीत शाळा सोडली. क्रिकेटमधलं मला काय कळतं, असं ज्याला त्याला वाटायचं. पण आमच्या घरात तीन खोरी आहेत. माझं, बायकोचं आणि लेकाचं. बायको माझं खोरं उचलत नाही, कारण त्याच्या दांड्यानं तिची पाठ जाते. शेताला पाणी द्यायच्या पाळीला एवढी अक्कल लागते, तर खेळाला का लागू नये?

लेकाला फोन लावला.

"बॅट बदलणार हाय मी."

"आबा, तुमी बॅट हातात धरलीय का कवा?"

"न्हाई धरली. पण तुला धरलंय. लग्नात तुझ्या मापाचा सदरा शिवून घेतला हुता तवा."

"आवं, मी मानानं आणलीय ती!"

"मग मान भिंतीवर टांगतो. खिळा हाय मोकळा. पोरीचं मनगट कशाला टांगायचं?"

त्यानं फोन ठेवला. मीही ठेवला असता, पण त्यानं आधी ठेवला याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन एस्टीनं सांगली गाठली. खेळाच्या सामानाच्या दुकानात एक तरुण मालक होता. मी घरूनच ठरवून गेलो होतो. "सहा नंबरची द्या, बारक्या पोरांची. सगळ्यात हलकी."

"आधी ताईंना उभं तर राहू द्या, आजोबा."

"मी सांगतोय नव्हं?"

त्यानं सहा नंबर दिली. पोरीनं पवित्रा घेतला आणि मला दिसलं. बॅट टेकवायला ती इतकी वाकली की मान खाली गेली, जणू पडलेलं काहीतरी शोधतेय.

"आबा, मला बोलर दिसतच न्हाई," ती म्हणाली.

"दिसंल की. सवय हुईल."

"बाबा पण हेच म्हणतात."

दुकानदारानं तोंड फिरवून हसू दाबलं. मी सहा नंबर परत दिली. हरलो म्हणून नाही, दुसरी बॅट बघायची होती म्हणून.

मग त्यानं तिला खेळायचे बूट घालून ताठ उभं केलं आणि बॅटचं टोक पायाशी टेकवून दांडा मांडीला लावला. दांड्याचा शेंडा मांडी जिथं कमरेला मिळते तिथं यायला हवा. सहा नंबर खाली राहिली. फुल साइज वर आली, अंतर दोनच बोटांचं, पण खेळताना तेच कोपरात अडकतं. मधली निघाली, तिला दुकानात हॅरो म्हणतात. ती बरोबर बसली.

हॅरोच्या दोन बॅटी त्यानं काट्यावर ठेवल्या. वजन सारखं. "आता डाव्या हातात धरा, वरचा हात तोच ना? एकट्या हातानं समोर सरळ, खांद्याइतकी. आणि धरून ठेवा."

पहिली धरली, टोक लगेच झुकायला लागलं. दुसरी धरली, तशीच राहिली.

"वजन एकच हाय की," मी म्हणालो.

"पहिलीचं लाकूड खाली टोकाकडं जास्त हाय आजोबा. काटा सारखा, हाताला जड."

हे मला पटलं. खोऱ्याचं पातं पुढं ओढतं तसंच. त्यानं सांगितलं म्हणून नाही, मला ते आधीच ठाऊक होतं म्हणून.

घरी आल्यावर बॅटला जवसाचं तेल लावलं आणि लाकडी हातोडीनं ठोकायला बसलो. नवं लाकूड दबून घट्ट व्हावं लागतं, नाहीतर चेंडूनं चिरतं. कडेला हलक्या हातानं, मधे जरा जोरात. चार-पाच दिवस सगळी दुपार टकटक. सून म्हणाली, "मामंजी, गल्ली उठली." म्हणालो, "उठू दे. झोपून काय मिळवलंय गल्लीनं?"

साताऱ्याला निवडीच्या दिवशी ती फलंदाजीला उभी राहिली. समोर लोणंदची एक उंच पोर चेंडू टाकत होती. पहिला चेंडू हुकला. दुसरा सरळ गेला, टाकणारीच्या पायाजवळून, पूर्वीसारखा. आणखी दोन तसेच. मग निवडणाऱ्या बाई जवळ आल्या. "बॅट लहान वाटतेय तुझी. ही घे, मोठी. चेंडू लांब जाईल."

मला वाटलं, घेते आता. मोठ्या माणसानं दिलं की घ्यायचं, असंच शिकवलंय आम्ही.

ती म्हणाली, "न्हाई मॅडम. माझ्या मापाची हीच हाय." आणि तिथंच बॅट मांडीला लावून दाखवली, मग डाव्या हातानं समोर धरली. टोक हललं नाही.

बाईंनी मोठी बॅट काखेत घेतली. "बरं. खेळ हिच्यानंच."

संध्याकाळी नावं वाचली, त्यात तिचं होतं. मैदानावरचे सर मला म्हणाले, "बघा आबा, डंबेल्सचा उपयोग झाला." पोरीनं डंबेल्सला हातही लावला नव्हता. मी त्यांना चहा पाजला. सगळ्यांचं अज्ञान काढत बसलो तर माझा दिवस जायचा.

परवा लेक सुट्टीवर आला. पोर आणखी वाढलीय, हॅरो मांडीला आता जरा खालीच लागते. त्यानं खिळ्यावरची फुल साइज काढली आणि तिच्या पुढं धरली. मी काही बोललो नाही. लई कष्ट पडले, पण बोललो नाही.

तिनं मांडीला लावली. बरोबर बसली. लेकानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं डाव्या हातात घेऊन समोर धरली. थोडा वेळ राहिली, मग टोक हळूहळू खाली आलं.

"अजून न्हाई, बाबा," ती म्हणाली, आणि टाचा उंचावून बॅट स्वतःच परत खिळ्याला लावली.