वरच्या भोकाचं पाणी

बाजीराव शेवकर इंदुरीचा. घरची भातशेती भावाकडे सोपवून त्याने तळेगावात नळकाम धरलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. स्टेशन भागातल्या कितीतरी सोसायट्यांत लोक त्याच्या हातात किल्ली देऊन कामावर जातात, इतका त्याच्यावर विश्वास.

केतकरांचं घर त्यातलंच एक. बाळकाका केतकर शाळेतून निवृत्त झालेले. बेसिनमध्ये पाणी साठवून दाढी करायची त्यांची जुनी सवय. पण हात थरथरायला लागले, तसं साखळीचं रबरी बूच त्यांना बसवता येईना. म्हणून अरुंधतीकाकूंनी गेल्या दिवाळीआधी बाजीरावकडून बुचाच्या जागी पॉप-अप, म्हणजे दाबायचं झाकण असलेली नळी, बसवून घेतला. बोटाने दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की उघडा. काका खूश झाले होते.

पुढे काका विसरायला लागले. आधी नावं, मग वारही. एका सकाळी त्यांनी पॉप-अप दाबून बंद केला, नळ अर्धवट सोडला आणि खोलीत गेले. पाणी बेसिनवरून ओसंडून फरशीवर आलं. परत येताना काका त्यावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला आणि महिन्याच्या आत ते गेले.

दिवस झाल्यावर काकूंनी बाजीरावला बोलावलं.

"भाचा म्हणतो, बेसिनखालचा तो बाटलीसारखा बॉटल ट्रॅप तुंबला असणार. शिवाय वासही येतो. तेवढा बदलून द्या."

बाजीरावने खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी फिरवून काढली. दोन-चार केस निघाले, बाकी स्वच्छ. आणि तो तुंबला असता तरी काय? वर झाकण बंद होतं, पाणी ट्रॅपपर्यंत पोचलंच नव्हतं. ते बेसिनच्या काठाखालच्या भोकातून जायला हवं होतं. त्याने वाकून त्या भोकाकडे पाहिलं. साफ होतं.

मग त्याने पॉप-अपची खालची चकती सैल केली. बेसिन कोरडं होतं, तरी भांड्याच्या पोटातून कुबट पाणी भळाभळा बादलीत पडलं. पॉप-अप हातात आला. गुळगुळीत, सरळ नळी. बाजूला एकही फट नव्हती.

त्याला तो दिवस आठवला. दुकानात फटींचा पॉप-अप संपला होता. बिनफटीचा मिळतो तो भोक नसलेल्या बेसिनसाठी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण काकूंचे दोनदा फोन येऊन गेले होते, आणि काठोकाठ बेसिन कोण भरतं, असं म्हणून त्याने तोच बसवला. नंतर बदलू म्हणाला आणि विसरला.

काकू दारात उभ्या होत्या. "तुंबलाच होता ना?"

हो म्हणणं सोपं होतं. बाजीराव हातातली नळी पुसत राहिला.

"तसं मी भाच्याला काही बोलले नाही," काकू म्हणाल्या, "पण चूक माझी. खाली शेजारच्या सारिकाशी बोलत उभी राहिले. दहा मिनिटं."

"न्हाई काकू," बाजीराव म्हणाला. "तुमची न्हाई." त्याने पॉप-अप पुढे धरला. "ह्या वरच्या भोकापास्नं भांड्याच्या आतून एक वाट खाली येती. झाकण बंद असलं तरी पाणी त्या वाटेनं येऊन झाकणाच्या खाली, नळीच्या फटीतनं ट्रॅपात जातं. ह्याला फटीच न्हाईत. मी चुकीचा बसवला. वाट बंद झाली, म्हणून पाणी वरनं सांडलं. नळ अर्धाच होता. तुमी तासभर बोलत राहिला असता, तरी फरशी कोरडी ऱ्हायली असती."

काकूंनी पॉप-अप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"न्हाई."

"मग का सांगितलंत?"

"तुमी सोताला लावून घेतलं व्हतं."

त्यांनी पॉप-अप त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "जा, बरोबर असेल तो घेऊन या."

तासाभरात तो फटींचा पॉप-अप घेऊन आला, बसवला, झाकण दाबलं आणि नळ सोडला. पाणी भोकापर्यंत चढलं आणि आत वळलं. खाली ट्रॅपमध्ये खळखळ ऐकू आली. काकू बघत होत्या. पाणी तिथेच थांबलं, वर आलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पुरे, बंद करा," त्या म्हणाल्या. आणि तो हत्यारं आवरत असताना, हळूच, "यापुढे तुम्ही येऊ नका बाजीराव. राग आहेच. पण त्यापेक्षा, तुम्हाला पाहिलं की मला हे सगळं आठवेल."

"व्हय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला, हिराला, सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. "आता कुणाला सांगू नका," ती म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात त्याने जुनी वही काढली आणि गेल्या दोन वर्षांत जिथे जिथे पॉप-अप बसवले होते, त्या घरांच्या बेल वाजवायला सुरुवात केली. बेसिन भरून बघायचंय, एवढंच तो सांगायचा. सगळे बरोबर निघाले.